निलगिरीचे दोन थेंब मधातून द्यावेत का?

शाहूपुरीची सून
मुलगा चार वर्षांचा आहे. पाऊस लागला की त्याचं नाक आणि खोकला दोन्ही सुरू. सासूबाई रात्री चमचाभर मधात निलगिरी तेलाचे दोन थेंब घालून चाटवतात. बाटलीवर 'शंभर टक्के शुद्ध' लिहिलंय. शेजारच्या ताई तर रोज पाण्यातून पुदिन्याचं तेल घेतात. मला पटत नाही, पण कारण सांगता येत नाही. दोन थेंबांनी खरंच काही होतं का?

मंगळवार पेठेचा पैलवान
काय होत न्हाई ताई. आमच्या आज्ज्यानं जन्मभर अमृतधारा बत्ताशावर टाकून दिली. कापूर, ओव्याचं सत, पुदिन्याचं सत, तिन्ही एका बाटलीत टाकायचं, आपोआप पाणी हुतंय. तालमीत कुणाचं पोट दुखलं की तेच. आणि जरा हिशोब करा की. लवंगेत शेकडा पंधराच्या आसपास तेल असतंय. म्हंजे लवंग तेलाचा एक थेंब झाला तीन-चार लवंगांएवढा. तांबड्या रश्श्याला आम्ही त्याच्या तिप्पट लवंगा घालतोय. मग सगळं कोल्हापूर आजारी पडाय पायजे हुतं!

गल्ली नंबर सात, राजारामपुरी
पैलवान, तुमचा लवंगांचा हिशोब बरोबर आहे. तीस वर्षं फार्मसीत काढली, म्हणून तो तसाच पुढे नेते. रश्श्यातल्या लवंगा दहा माणसांत वाटल्या जातात आणि मसाला, तेल, भाकरी यांच्याबरोबर पोटात हळूहळू उतरतात. थेंबाचं तसं नाही. घरी एक प्रयोग करा. काचेच्या ग्लासात पाणी घ्या, त्यात निलगिरीचा थेंब टाका आणि ढवळा. दोन मिनिटांत तो पुन्हा वर येऊन तरंगतो. म्हणजे पहिल्या घोटात सगळा थेंब ओठाला आणि घशाला चिकटतो, मागचं पाणी नुसतंच. मधातही तेच, कारण मध म्हणजे साखर आणि पाणी, त्यात तेल विरघळत नाही. 'पातळ करून दिलं' हा आपला समज आहे.

आता तुमच्या हिशोबाचा उरलेला भाग. साधारण वीस थेंबांचा एक मिली होतो. दहा मिलीची लवंग तेलाची बाटली म्हणजे सहा-सातशे लवंगा. कुठलंही पोर सहाशे लवंगा चावून खाणार नाही, पण ती बाटली दोन घोटांत रिकामी करू शकतं.

मंगळवार पेठेचा पैलवान
अहो बाई, बाटली कोण पितंय? दोन थेंबांचा विषय चाललाय.

गल्ली नंबर सात, राजारामपुरी
सांगते. ओळखीच्या घरातली गोष्ट आहे, साल जुनं आहे. तीन वर्षांची मुलगी. घरात निलगिरीचे थेंब मधातून द्यायची सवय होती, म्हणून बाटली मधाच्या आणि खोकल्याच्या औषधाच्या शेजारीच असायची. तिन्ही तपकिरी काचेच्या. रात्री अकराला लाइट गेली. वडिलांनी मोबाईलच्या उजेडात खोकल्याचं औषध म्हणून पाच मिलीचा चमचा भरला आणि दिला. पोरगी ओरडली, खोकली, उलटी झाली. त्यांना वाटलं, औषध कडू लागलं असेल. पंधरा-वीस मिनिटांत तिचे डोळे जड झाले, उभी केली तर झोकांड्या जात होत्या, आणि तोंडाला निलगिरीचा भपकारा. आजी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला निघाली होती. नशीब, 108 च्या गाडीतल्या माणसाने फोनवरच तिला थांबवलं. असलं तेल उलटीबरोबर फुप्फुसात गेलं की तिथे सूज येते, आणि ती पोटातल्या त्रासापेक्षा अवघड. मुलगी रात्रभर देखरेखीखाली होती, दुसऱ्या दिवशी घरी आली.

लहान मुलांत दोन-तीन मिलीनेही गुंगी येते. पाच मिलीच्या आसपास बेशुद्धी आणि झटके आल्याच्या नोंदी आहेत. काहींना त्याहून जास्त पोटात जाऊनही फारसं काही झालं नाही, म्हणून अंदाज बांधायला जाऊ नये. निलगिरी डोक्यावर फार लवकर परिणाम करते, बहुतेकदा अर्ध्या तासात.

दोन थेंबांनी तुमच्या मुलाला झटका येईल असं मी म्हणत नाही, बहुधा येणार नाही. माझी भीती बाटलीची आहे. 'हे पोटात घेतात' असं एकदा घरात ठरलं की ती औषधांच्या फळीवर येते, आणि पोराला ते खाऊ वाटतं.

उचगावचा उमेश
आमच्याकडे गरम पाण्यात चार थेंब टाकून वाफ घेतात. लय बरं वाटतं. वाफ बंद करायची का?

गल्ली नंबर सात, राजारामपुरी
विषय पोटात घेण्याचा आहे, पण मोठ्यांनी वाफ घ्यायला माझी हरकत नाही. लहान मुलाला उकळत्या पाण्याजवळ बसवू नका. घेऊन झालं की भांडं लगेच ओता, त्यातलं पाणी पोरं पितात.

शिवाजी पेठेची शैला
माझा अनुभव उलटा आहे. पोटात मुरडा येतो म्हणून डॉक्टरांनी पुदिना तेलाच्या कॅप्सूल दिल्या होत्या, फायदा झाला. मग म्हटलं, तेच तेल आहे ना, बाटलीच स्वस्त पडते. चार थेंब पाण्यातून घेतले आणि रात्रभर छातीत जाळ. म्हणजे तेल चांगलं की वाईट, मला कळेना.

गल्ली नंबर सात, राजारामपुरी
शैलाताई, फरक कॅप्सूलच्या आवरणात आहे. ते जठरात फुटू नये असं केलेलं असतं, आत मोजून बहुतेकदा 0.2 मिली तेल असतं आणि ते आतड्यात जाऊन सुटतं. तिथे ते मुरडा सैल करतं. तेच तेल जठरात सुटलं तर अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी असलेली झडप सैल करतं आणि आम्ल वर येतं. अँटासिड घेऊन लगेच ही कॅप्सूल घेतली तरी आवरण लवकर विरघळतं. शाहूपुरीच्या शेजारणीला आधी विचारा, छातीत जळजळतं का.

मंगळवार पेठेचा पैलवान
म्हंजे तेल औषध हाय, एवढं तरी मान्य केलंत. आणि 'फूड ग्रेड' लिहिलेलं तेल? ते तर खायचंच असतंय की.

गल्ली नंबर सात, राजारामपुरी
मान्य केलंच होतं. औषध आहे म्हणूनच मोजून आणि कारण असेल तर. 'फूड ग्रेड'चा अर्थ वास-चवीसाठी पदार्थात घालायला चालेल एवढाच. गोळ्या-बिस्किटांच्या अख्ख्या घाण्यात ते नाममात्र पडतं. 'थेरप्युटिक ग्रेड' हा शिक्का तर विकणाऱ्याचा स्वतःचा, सरकारी प्रत नव्हे. शुद्ध असणं इथे काही वाचवत नाही, शुद्ध निलगिरीच जास्त जोराची.

शाहूपुरीची सून
काल सासूबाईंसमोर ग्लासात थेंब टाकून दाखवला. बराच वेळ बघत बसल्या. मग म्हणाल्या, "पण मधाने खोकला थांबतो ना?" यावर काय सांगू?

गल्ली नंबर सात, राजारामपुरी
सांगा की फरक पडतो, आणि श्रेय मधालाच द्या. वर्षाच्या पुढच्या मुलाला झोपताना अर्धा-एक चमचा नुसता मध दिला तर रात्रीचा खोकला जरा कमी होतो, हे तपासून पाहिलेलं आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मधही नको. नाकाला मिठाच्या पाण्याचे तयार थेंब मिळतात. धाप लागली, दूध-पाणी घेईना, ताप उतरेना, तर थेट डॉक्टर. आणि कधी चुकून तेल गेलंच, तर उलटी न काढता 108 ला फोन करा किंवा बाटली घेऊन सीपीआर हॉस्पिटल गाठा. बाटली बघितल्यावर कुठलं तेल, किती मिली, हे तिथे लगेच कळतं.

मंगळवार पेठेचा पैलवान
बाटली पोरांपासून लांब, हे पटलं. कापाटात वर ठेवतो. पण आज्ज्याची अमृतधारा सोडणार न्हाई.

गल्ली नंबर सात, राजारामपुरी
तुम्ही घ्या पैलवान, मोठे आहात. नातवाला देऊ नका. तिच्यात कापूर आहे, आणि लहान मुलांना झटके आणण्यात कापूर निलगिरीपेक्षा कमी नाही.

मंगळवार पेठेचा पैलवान
नातू अजून व्हायचाय, बाई.