मदत हवी आहे: मल्याळी आणि कन्नड मेन्यूतली नावं, नारळाचं वाटण कशात नसतं?

नमस्कार मंडळी, बेंगळुरूत आमच्या घराजवळ एक हॉटेल आहे, अर्धा मेन्यू केरळचा अर्धा कर्नाटकचा, आणि पुढच्या आठवड्यात आईबाबा येतायत तर त्यांना तिथे न्यायचंय. प्रॉब्लेम असा की बाबांना नारळाचं वाटण अजिबात सोसत नाही (खोबरेल तेल चालतं), आणि भाताबरोबर रस्सा तर हवाच. मेन्यूत फोटो नाहीत, वर्णन नाही, नुसती नावं. मीन मुळकिट्टत, मीन वट्टिच्चत, करिमीन पोळ्ळिच्चत, कोळी वरुत्तरच्चत. कन्नडमध्ये बदनेकाई एण्णेगाई, खारा बात वगैरे. मीन म्हणजे मासा आणि कोळी म्हणजे कोंबडी एवढं कळलंय, पुढचं कोणी उलगडून सांगेल का?

पेठकर: सोप्पंय, करिमीन म्हणजे करीतला मासा, म्हणजे रस्सा आला. आणि पोळ्ळिच्चत म्हणजे आपलं पोळलेलंच की. बिनधास्त मागवा.

एर्नाकुलमची सून: पेठकर, पोळलेलं बरोबर पण करी नाही हो. कालवणाच्या करीत र कडक असतो, करिमीनमधला र मऊ, आणि ते करि म्हणजे काळं, कोळशासारखं. इंग्लिश अक्षरांत दोन्ही सारखंच दिसतं म्हणून घोळ होतो. हा मासा म्हणजे आपल्याकडचा काळुंदर. पोळ्ळिच्चत म्हणजे मसाला लावून जरासा तळायचा, मग छोट्या कांद्याचा मसाला थापून केळीच्या पानात गुंडाळून तव्यावर पान काळं पडेपर्यंत भाजायचा. रस्सा नसतो, भात कोरडाच राहील.

आता मुद्द्याचं. शेवटचा "त" म्हणजे आपलं "केलेलं", त्यामुळे त्याच्या आधी काय आहे ते बघायचं. मुळक म्हणजे मिरची आणि इट्ट म्हणजे घातलेली, म्हणून मुळकिट्टत हे मिरची घालून केलेलं लालभडक कालवण, कुडंपुळीचा आंबटपणा असलेलं. यात सहसा नारळ वाटत नाहीत, बाबांसाठी हेच. वट्टिच्चत म्हणजे आटवलेलं, मातीच्या भांड्यात उकळून उकळून रस्सा माशाला चिकटेपर्यंत, तेव्हा भातावर घ्यायला फार काही उरत नाही. आणि वरुत्तरच्चत टाळाच, वरुत्त म्हणजे भाजून आणि अरच्च म्हणजे वाटून, काय भाजलं-वाटलं ते नावात नाही पण ते खोबरंच असतं. नावात कुठेही अरच्च दिसलं की सावध व्हायचं.

धागाकर्ता: ताई जबरदस्त! पण नावात अरच्च नसेल तर नारळ नाहीच असं धरायचं का?

एर्नाकुलमची सून: छे, नुसतं मीन करी लिहिलं असेल तर काहीही निघू शकतं, वाटलेलं खोबरं किंवा नारळाचं दूध. आणि काही हॉटेलं मुळकिट्टतमध्येही शेवटी थोडं नारळाचं दूध ओततात. वेटर मल्याळी असला तर "तेंगा अरच्चताणो?" विचारा, म्हणजे नारळ वाटलाय का. दुधाचं मात्र वेगळं विचारावं लागेल.

खवय्या_ठाणे: मी घरी बिसी बेळे बात करतो त्यात काजू तुपात तळून घालतो, एकदम हॉटेलसारखा होतो, रेसिपी हवी असेल तर सांगा.

धारवाडकर: खवय्याभाऊ, त्यांचा प्रश्न तो नाहीये 😄 कन्नडचं मी सांगतो. एण्णे म्हणजे तेल आणि काई म्हणजे इथे भाजी, बदनेकाई म्हणजे वांगं, तेव्हा बदनेकाई एण्णेगाई हे आपलं तेलावरचं भरलं वांगं समजा. आमच्याकडे सारणात शेंगदाणे, तीळ, कारळं असतं, पण बरेच जण खोबरंही घालतात, आणि नावावरून ते कळणारच नाही. गंमत म्हणजे काई नारळालाही म्हणतात, काई होळीगे म्हणजे नारळाची पोळी. "काई हाकिदीरा?" विचारलंत की नारळ घातलाय का एवढं कळेल.

आणि खारा बात बघून बाबा खारट भात समजतील तर तसं नाही, कन्नडमध्ये खारा म्हणजे तिखट, खारटाला उप्पु. आणि येतो तो भातही नाही, रव्याचा उपमा येतो.

पेठकर: मग रव्याला बात कशाला म्हणतात? बात म्हणजे आपला भातच ना?

धारवाडकर: बिसी बेळे बातमध्ये तांदूळ असतो तिथे पटतं, बिसी गरम, बेळे डाळ, बात भात. रव्याचं मलाही कोणी पटेल असं सांगितलेलं नाही. केसरी बात म्हणजे तर गोड शिरा.

धागाकर्ता: ओके, मग बाबांना मुळकिट्टत आणि भात, तेही आधी विचारून. आईला वांगं. पोळ्ळिच्चत मी खाणार. अजून एक राहिलं, त्याच मेन्यूत मेळुक्कुपुरट्टी असं काहीतरी आहे, ते कशाचं असतं?

एर्नाकुलमची सून: मेळुक्क म्हणजे तेलकटपणा, पुरट्टी म्हणजे माखलेलं. तेलावर परतलेली सुकी भाजी, शेंगांची वगैरे. यात वाटण नसतं, पण कच्च्या केळ्याच्या भाजीत काही जण खोबऱ्याचे काप टाकतात, ते बाबांना चालतात का?

धागाकर्ता: काप बाजूला काढून ठेवतात, चालेल.