दोन मित्र भांडले आणि दोघंही मलाच सांगतात: तुमचे अनुभव लिहा

फैजपूरकर
माझ्या दोन मित्रांच्या केळीच्या बागा बांधाला बांध लागून आहेत. मंगळवारी पहिल्याकडे कटाई ठरली होती, पण व्यापाऱ्याची गाडी दुसऱ्याच्या बागेत गेली. तीन दिवसांनी पहिल्याचा माल कापला, तोवर क्विंटलमागे २०० रुपये भाव उतरला होता. तेव्हापासून रात्री ९ ला एकाचा फोन, १० ला दुसऱ्याचा. मी दोघांनाही "तुझं बरोबर आहे भाऊ" म्हणत गेलो. मग पारावर पहिला दुसऱ्याला म्हणाला, "तो बी म्हणतो तू चुकला." आता दोघंही माझ्यावर नाराज आहेत. जिवाला लागलंय.

चोपड्याचा शेतकरी
शेतात भरीत पार्टी ठेव, दोघांना बोलाव. कळण्याची भाकरी समोर आली की माणूस विरघळतो. आमच्याकडे असंच मिटलं होतं.

अमळनेरचे आबा
जेवायला बोलवाच, पण आधी नको. चारचौघांसमोर कोणी माघार घेत नाही, उलट जुनं उकरून काढतात. गावातले तंटे बसून ऐकण्यात माझी बरीच वर्षं गेली. "तुझं बरोबर" हा निकाल झाला, आणि निकाल दुसऱ्याच्या कानावर जातोच. "भाव पडला, तुला लागलं" एवढंच म्हणा. दुसरा पण माझ्याशी बोलतो, हे दोघांना उघड सांगा. निरोप न्यायचा तर त्यालाच विचारा, "यातलं कोणतं एक वाक्य सांगू?" तेवढंच न्या, त्याच्याच शब्दांत. आणि मला सांगा, गाडी वळवली कोणी? दोघांपैकी कोणाला विचारलं का?

धुळ्याची वहिनी
माझं वेगळंच आहे. भिशीतल्या दोघी भांडल्या, मी मधे पडले नाही. तर एक म्हणे, "तू कोणाची? मन्ही का तिन्ही?" वर्ष झालं, बोलत नाही. गप्प राहणंही चुकतं का, आबा?

अमळनेरचे आबा
वहिनी, गप्प बसायचं असेल तर तसं तोंडाने सांगावं लागतं. नुसती गप्प राहिलेली मैत्रीण तिला विरोधातली वाटली असेल. तुमचं पूर्ण माहीत नाही, म्हणून जास्त बोलत नाही.

फैजपूरकर
आबा, विचारलं. पहिल्याच्या शिवाररस्त्यावर चिखल होता, म्हणून ड्रायव्हरनेच गाडी वळवली. दुसऱ्याला ते माहीत होतं, पण कटाईच्या घाईत त्याने फोन केला नाही. म्हणजे पहिल्याला सलतंय ते गाडीपेक्षा त्या न केलेल्या फोनचं. दुसरा म्हणाला, "फोन करायला पाहिजे होता, एवढं सांग." मी तेवढंच सांगितलं. पहिला बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हे त्याने मला येऊन सांगावं."
उद्या सकाळी दुसरा बांधावर जाणार आहे. मी जात नाहीये. २०० रुपयांचा विषय अजून कोणीच काढलेला नाही.

चोपड्याचा शेतकरी
मग भरीत परवा ठेव.