‘ती आली’ म्हणजे एकटी की सगळी?

पाणकणीस
एका हिंदी माहितीपटाची मराठी उपशीर्षकं करतेय. आजी शेजारणीला सांगते, ‘कल रात आए, खाना खाया, सो गए.’ आलेत नातू आणि नात, पण ती दोघं पडद्यावर नंतर दिसतात. मी लिहिलं, ‘ती काल रात्री आली, जेवली, झोपली.’ तपासनिसांचा शेरा आला: ‘ही कोण बाई? ते आले, जेवले, झोपले असं करा.’ मुलगा-मुलगी मिळून ‘ती’च ना? आमच्या घरी तरी तसंच बोलतात.

शिळोपा
‘ती’च. ‘ते आले’ केलंत तर प्रेक्षकाला वाटेल आजोबाच आले.

वर्धेकर
आमच्याकडे ‘ते पोरं आले, जेवले, झोपले’. ही अडचण आम्हाला कधी आलीच नाही. ‘ती पोरं आली’ ऐकलं की पुण्याची पाहुणी आल्यासारखं वाटतं.

शिळोपा
बोलायला ठीक आहे, पण लेखनात ‘ते पोरं’ चूकच.

वर्धेकर
चूक कोणाच्या हिशोबानं? अर्ध्या विदर्भाची मुलं शाळेत जाईपर्यंत चुकीचंच बोलतात म्हणायचं का?

बोरूबहाद्दर
हा गोंधळ शुद्धलेखनाच्या नव्या नियमांनी घातला. जुन्या छापील पुस्तकांत बघा. मुलगी असली तर ‘ती आली’, मुलं असली तर ‘तीं आलीं’. तसंच ‘हे मुलगे’ पण ‘हें मूल’. टिंबावरून लिंग-वचन कळायचं. 1962 च्या नियमांनी टिंबं पुसली आणि ही पंचाईत झाली. परत आणा.

मोडीवाचक
लिखाणापुरतं बरोबर, कारण मात्र उलटं. नियमांनी उच्चार मारला नाही. शिष्ट मराठी बोलीतला तो नाकातला स्वर बराच आधी गेला होता. म्हणून तर कुठे टिंब द्यायचं ते मुलांना पाठ करावं लागे. ‘ती आली’ कानाला तेव्हाही दुहेरीच होतं.

गोव्यात मात्र कोंकणीत तो स्वर जिवंत आहे. मुलगी असली तर ‘ती’, मुलं असली तर ‘तीं’, आणि पुरुष असले तर ‘ते’ पण एकटं मूल ‘तें’. तिथे हा प्रश्न विचारलात तर लोक तुमच्या तोंडाकडे बघतील.

आणि टिंब परत आलं तरी उपशीर्षक वाचणाऱ्याला त्याचा अर्थ कुठे माहीत आहे? त्याला छपाईची चूक वाटेल.

सावंतवाडी एक्सप्रेस
आमच्या मालवणीत एकट्या मुलाला ‘ते’ नाहीच, ‘तां’. ‘तां पोर खंय गेला?’ आजी अजून विचारते.

निळी शाई
बरं झालं विषय निघाला. ई-मेल हा की ही? आमच्या कचेरीत साहेब ‘हा ई-मेल’ म्हणतात, मी ‘ही’. दोन वर्षं भांडण चालू आहे.

शिळोपा
ही. टपाल नव्हे, पत्र नव्हे, मेल! गाडी जशी ‘ही मेल’.

वर्धेकर
म्हणजे आगगाडीवरून लिंग ठरवायचं? मग फोल्डर कशावरून ठरवता?

मोडीवाचक
मूळ प्रश्नाकडे. दुहेरीपणा साध्या भूतकाळात आहे. ‘आली’ला वचन कळत नाही, पण ‘आहे’ला कळतं. मुलगी ‘झोपली आहे’, मुलं ‘झोपली आहेत’. नकारातही तेच, ‘उठली नाही’ आणि ‘उठली नाहीत’. शेवटच्या क्रियापदाला ‘आहेत’ लावा: ‘काल रात्री आली, जेवली, झोपली आहेत.’ ‘ती’ गाळलीत तरी चालेल, बाई कुणालाच दिसणार नाही.

अडचण एवढीच, की मूळ ‘सो गए’मध्ये ती अजून झोपलेलीच आहेत असा दावा नाही. पुढच्या दृश्यात मुलं अंगणात खेळत असतील तर ‘आहेत’ खोटं पडेल.

पाणकणीस
पुढच्याच दृश्यात मुलं नदीवर आहेत! ‘पोरं काल रात्री आली, जेवली, झोपली’ केलं तर? पण नात सतरा वर्षांची आहे.

शिळोपा
आजीला सतराची काय, सत्तावीसचीसुद्धा पोरंच. ‘पोरं’ टाका आणि तपासनिसांना विचारा, त्यांच्या घरी मुलगा-मुलगी मिळून काय म्हणतात.

बोरूबहाद्दर
टिंब असतं तर एवढी चर्चाच झाली नसती.

निळी शाई
आणि ई-मेल? ‘हे ई-मेल’ म्हणणाराही एक आहे आमच्याकडे.

वर्धेकर
त्याला आमच्याकडे पाठवा.