गुडघा वाकवूनही ताण द्या

> भिंतीला हात टेकून रोज पोटऱ्या ताणते, तरी टाचेच्या वरचा भाग ठणकतोच.

भिंतीचा व्यायाम बरोबर आहे, पण मागचा गुडघा ताठ असला की ताण मुख्यतः पोटरीच्या वरच्या, फुगीर स्नायूवर येतो. त्याच्याखाली सोलियस नावाचा चपटा स्नायू असतो. डोंबिवली ते सीएसएमटी उभ्याने जाताना तोल सांभाळायचं काम सतत तोच करतो. तो गुडघ्याच्या खालून सुरू होतो, म्हणून त्याला ताणायचं तर गुडघा वाकवावा लागतो. माझ्या पायांना खरा फरक पडला तो यानेच. मागचं पाऊल थोडं पुढे घ्या, टाच जमिनीवर ठेवून दोन्ही गुडघे हळूहळू वाकवा आणि ३० सेकंद थांबा. असं प्रत्येक पायाला दोन-तीनदा. झटके नकोत. ताण टाचेच्या जरा वर जाणवला की जमलं. मागच्या पायाची बोटं बाहेर वळली तर पावलाची कमान खाली दबते आणि ताण निसटतो, तेवढं बघा.

मग खुर्चीत बसून पाऊल दुसऱ्या मांडीवर घ्या आणि हाताने बोटं नडगीकडे ओढा. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याला तळव्यात दोरीसारखा ताठ पट्टा लागला पाहिजे. १० सेकंद धरा, सोडा, असं दहा वेळा.

मात्र एकाच पायाची पोटरी सुजून गरम लागत असेल, तर ताणू नका, चोळूही नका. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.