रांजणवाडी : तुम्हाला कुठे झाली, कशी गेली, मागे काय राहिलं?

सायली_वेल

गेल्या महिन्यात मला उजव्या डोळ्याला रांजणवाडी झाली. पहिल्या दिवशी सकाळी तोंड धुताना पापणीच्या काठाला काहीतरी टोचल्यासारखं वाटलं. आरशात काहीच दिसेना. संध्याकाळी बोटाने चाचपलं तेव्हा वरच्या पापणीच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे एकच ठिकाण सापडलं, तिथे बोट टेकलं की कळ यायची. दुसऱ्या दिवशी तिथे लाल फुगवटा आला आणि अख्खी पापणी जड झाली. तिसऱ्या दिवशी फुगवट्याच्या टोकावर, अगदी एका केसाच्या मुळाशी, पिवळा ठिपका दिसायला लागला.

पहिले दोन दिवस मी शेकत होते, पण कसं? कापड गरम पाण्यात बुडवायचं, पिळायचं, अर्धा मिनिट डोळ्यावर धरायचं, झालं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "किती वेळ शेकता?" मी सांगितल्यावर ते म्हणाले, "एवढ्याने नुसतं कातडं गरम होतं. आतलं तेल पातळ व्हायला दहा मिनिटं तरी लागतात." मग दिवसातून चार वेळा, घड्याळ लावून, दहा-दहा मिनिटं शेकलं. चौथ्या रात्री शेकता शेकताच ती आपोआप फुटली. कापडावर पिवळट डाग आला आणि कळ थांबली. आठवड्याभरात लालीही गेली.

तुम्हाला कुठे झाली होती, किती दिवस राहिली, काय केलंत, ते सविस्तर लिहा.

कोवळं_ऊन

मला दोनदा झाली. दोन्ही वेळा डॉक्टरांनी अँटिबायोटिकचे थेंब दिले आणि सहा दिवसांत गेली. हा जंतुसंसर्गच असतो, त्यामुळे थेंब लगेच सुरू करावेत असं माझं मत. आणि टॉवेल वेगळा ठेवा, नाहीतर घरात सगळ्यांना होते.

पांथस्थ७

मी बरीच वर्षं डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करतो, म्हणून थोडं लिहितो.

कोवळं_ऊन, जंतू असतात हे खरं. पण बहुतेक वेळा आधी पापणीतल्या तेलग्रंथीचं तोंड बंद होतं आणि जंतू नंतर माजतात. पापणीच्या काठावर केसांच्या मुळाशी बारीक तेलग्रंथी असतात. त्यांच्याहून मोठ्या ग्रंथी पापणीच्या आतल्या घट्ट पट्टीत उभ्या ओळीने असतात, त्यांना मायबोमियन म्हणतात. वरच्या पापणीत त्या साधारण तीसेक, खालच्या पापणीत थोड्या कमी. प्रत्येकीचं तोंड काठावर उघडतं आणि पापणी मिटली की थोडं थोडं तेल बाहेर येतं. ते अश्रूंवर पसरतं, म्हणून डोळा लवकर कोरडा पडत नाही. हे तेल घट्ट झालं किंवा तोंडावर कोंडा साचला की बूच बसतं. तेल आत तुंबतं आणि आपल्या कातडीवर एरवीही असणारे स्टॅफिलोकोकस जंतू त्यात वाढतात. मग सूज, कळ आणि पू.

थेंब डोळ्याच्या पृष्ठभागावरून वाहून जातात, बंद ग्रंथीच्या आत फारसे पोचत नाहीत. तुमची सहा दिवसांत गेली, ती बहुधा थेंबांशिवायही तेवढ्याच दिवसांत गेली असती. काठावर सूज आणि खपल्या असतील तर डॉक्टर मलम देतात, ते ठीक. टॉवेल वेगळा ठेवणं चांगलंच, पण जंतू दुसऱ्याकडे गेले म्हणून त्याची ग्रंथी तुंबतेच असं नाही.

मेघदूर

माझे दोन्ही डोळे चार दिवस लाल आहेत, पाणी येतं, सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात. गाठ नाही. मीपण शेकू का?

पांथस्थ७

मेघदूर, ही रांजणवाडी वाटत नाही, डोळे आल्याची लक्षणं आहेत. डोळे तपासून घ्या. उजेड सहन होत नसेल किंवा अंधूक दिसत असेल तर आजच जा.

आर्जव

माझी गोष्ट वेगळी आहे. माझी गाठ काठावर नव्हती, पापणीच्या मध्यावर, आतल्या बाजूला होती. सुरुवातीचे पाच-सहा दिवस दुखली, मग दुखणं थांबलं, पण गाठ तशीच राहिली. बोटाखाली वाटाण्यासारखी सरकायची. तीन महिने गेले. नंतर त्या डोळ्याने अक्षरं पसरट दिसायला लागली. डॉक्टर म्हणाले, गाठ बुबुळावर दाब देते म्हणून असं होतं. ही आता रांजणवाडी नाही, कॅलेझिऑन आहे, आत पू नाही, साचलेल्या तेलाभोवती शरीराने धरलेली घट्ट सूज आहे.

शेवटी चिरा दिला. पापणीत भुलीचं इंजेक्शन, तेच काय ते दुखलं. पापणी उलटून आतून चिरा घेतला, त्यामुळे बाहेर व्रण नाही, टाकेही नाहीत. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. आता वाटतं, पहिल्या आठवड्यात नीट शेकलं असतं तर कदाचित ही वेळ आली नसती.

रानजाई

मी पिळली होती. पिवळं टोक दिसलं, दोन नखांत धरून दाबलं. थोडा पू आला, बरंही वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळा उघडेना, सूज गालापर्यंत आणि अंगात ताप. दवाखान्यात डोळा सगळ्या दिशांना फिरवायला लावला, फिरवताना दुखतं का, दोन दोन दिसतं का, हे विचारलं. डोळा फिरवताना दुखत नव्हतं, दिसतही नीट होतं, म्हणून गोळ्यांवर निभावलं. तसं दुखलं असतं तर संसर्ग डोळ्यामागे गेल्याची शक्यता होती आणि दाखल व्हावं लागलं असतं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. कुणीही नख लावू नका, ही माझी कळकळीची विनंती.

चकवा

शेकण्याबद्दल: मी ओलं कापड मायक्रोवेव्हमध्ये गरम केलं आणि पापणीची कातडी भाजली. कापड काही ठिकाणी कोमट आणि मध्येच चटका बसेल इतकं गरम होतं. मग किती गरम असावं?

पांथस्थ७

मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, तिथे सुखाचं वाटलं पाहिजे. कापड दोनेक मिनिटांत निवतं, म्हणून शेजारी गरम पाण्याचं भांडं ठेवून पुन्हा पुन्हा बुडवायचं. शेकून झाल्यावर, दुखत नसेल तरच, बोटाने हलकेच काठाच्या दिशेने फिरवायचं. म्हणजे वरची पापणी खाली, खालची वर. बरी होईपर्यंत लेन्स आणि काजळ बंद.

उंबरठा_२

आमच्या वडिलांना एकाच जागी वर्षात तिसऱ्यांदा गाठ आली आणि तिथले पापणीचे केस गळले. वय ६८. डॉक्टरांनी या वेळी काढलेला तुकडा तपासायला पाठवला. उतारवयात त्याच जागी परत परत येणारी गाठ क्वचित तेलग्रंथीचा कर्करोग असू शकते, म्हणून. रिपोर्ट चांगला आला. पण तो येईपर्यंतचे दिवस फार वाईट गेले.

सायली_वेल

सगळ्यांचे मनापासून आभार. आर्जव, तुमचं वाचून काल पापणी चाचपली. माझ्याही पापणीत मोहरीएवढा कण अजून लागतो. दुखत नाही, दिसतही नाही. तीन आठवडे झाले. शेकत राहू की दाखवू?

आर्जव

मी तर म्हणेन दाखवा. मी वाट पाहण्यात तीन महिने घालवले.

पांथस्थ७

मी अजून महिनाभर रोज दोनदा शेकायला सांगेन. इतकी छोटी गाठ बऱ्याचदा जिरते. वाढायला लागली, दुखली किंवा नजरेत फरक वाटला तर थांबू नका. पण आर्जव यांचंही चूक नाही, आमच्याकडे दोन डॉक्टर आहेत आणि यावर त्यांचंही एकमत नसतं.