आर-स्क्वेअर्ड चांगला, मग पी-व्हॅल्यू मोठ्या का?

> आर-स्क्वेअर्ड ०.९२ आहे, पण वय आणि अनुभव दोन्हींची पी-व्हॅल्यू ०.०५ च्या वर. दोन्ही काढून टाकू का?

दोन्ही काढू नका. आधी त्या दोघांमधला सहसंबंध बघा. माझ्या एका मॉडेलमध्ये तो ०.९८ निघाला होता. वयाचा सहगुणांक १.८, स्टँडर्ड एरर १.५, म्हणजे टी फक्त १.२. पण सहसंबंधामुळे सहगुणांकाचा व्हेरियन्स किती पट वाढतो हे सांगणारा व्हीआयएफ १/(१−०.९८²), म्हणजे सुमारे २५ येतो आणि स्टँडर्ड एरर त्याच्या वर्गमुळाइतकी, पाचपट फुगते. हा सहसंबंध नसता, तर बाकी सगळं तेच ठेवून एरर ०.३ आणि टी ६ आला असता!

म्हणून दोन्ही सहगुणांक एकत्र शून्य आहेत का, याची एफ-चाचणी करा. ती सार्थ आली तर दोघांपैकी निदान एकाचा परिणाम असल्याचा चांगला पुरावा आहे, फक्त तो कोणाचा किती हे हा डेटा वेगळं करून सांगू शकत नाही. एकच काढलात, तर उरलेल्याचा सहगुणांक दोघांचा परिणाम मिसळून दाखवेल.