अनुभव धागा: Allow दाबलं आणि फोन टिंग टिंग करत सुटला

मीनल_गंगापूररोड
आज रिक्षात शेजारच्या काकांचा फोन सारखा वाजत होता. 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस!' काका घाबरेघुबरे. मला एकदम पप्पांचा फोन आठवला. लासलगावचे कांद्याचे भाव बघायला कुठल्याशा साईटवर गेले, तर 'रोबो नसाल तर Allow दाबा'. मग काय, पहाटेपासून लॉटरी, कर्ज, व्हायरस. दुकानवाला फोन फॉरमॅट करायला निघाला होता. नोटिफिकेशन नीट बघितलं तर वर Chrome आणि शेजारी त्या साईटचा पत्ता. व्हायरस-बियरस काही नाही! तुमच्याकडे कोणाला झालंय?

सातपूरचा_बंड्या
हिस्ट्री उडवायची. विषय संपला.

वहिनी_सिडको
कांद्याचे भाव बघून तसाही तापच येतो 😂

पंचवटीकर
बंड्या, नुसती हिस्ट्री उडवून परवानगी जात नाही. क्रोम बंद असलं तरी टिंग टिंग चालूच. अँड्रॉइडवर क्रोमचे तीन टिंब, Settings, Site settings, Notifications. परवानगी दिलेल्या साईटींची यादी दिसेल. माझ्या मावशीच्या फोनवर एकाच साईटचे मागचं नाव तेच आणि पुढची अक्षरं वेगळी असे बरेच पत्ते होते. ही मंडळी एकदा Allow घेतलं की दुसऱ्या पानावर ढकलतात आणि परत मागतात. प्रत्येक पत्त्याची परवानगी वेगळी, त्यामुळे एक बंद केला तरी बाकीचे वाजतच राहतात. पत्ता नुसता यादीतून काढू नका, पुढच्या वेळी परत विचारतील. Block करा. आणि तिथंच वरचं मुख्य बटण बंद केलं की नवीन कोणी विचारतच नाही. मावशीला तेच करून दिलं.

वहिनी_सिडको
पण मग ऑफिसच्या मेलचं?

पंचवटीकर
मेलचं अ‍ॅप असेल तर काही फरक नाही. ब्राउझरमध्ये उघडत असाल तर तेवढा पत्ता चालू ठेवा.

नाशिकरोड_आजोबा
मला कर्जाचे मेसेज येतात रोज. तेही इथूनच बंद होतात का?

मीनल_गंगापूररोड
नाही आजोबा, ते एसएमएस. त्याला 1909 वाला डीएनडी. संध्याकाळी घरी या, लावून देते.

सातपूरचा_बंड्या
बायकोच्या आयफोनला कॅलेंडरमध्ये 'व्हायरस'ची आठवण येते. तिथे क्रोमच नाही, आता बोला.

पंचवटीकर
तो प्रकार वेगळा, चुकून कॅलेंडर सबस्क्राइब झालंय. ती नोंद उघड, खाली Unsubscribe from this Calendar.

सातपूरचा_बंड्या
गेलं 🙏 मिसळ माझ्याकडून.

रेखा_इंदिरानगर
आईच्या फोनवर अनलॉक केलं की स्क्रीनभर जाहिरात. क्रोमची यादी रिकामी आहे.

पंचवटीकर
मग ते एखाद्या अ‍ॅपचं काम. हल्ली काय टाकलंय? टॉर्च, वॉलपेपर, क्लीनर असलं काही?

रेखा_इंदिरानगर
भाच्याने काय काय टाकलंय देव जाणे. क्लीनर तर तीन दिसतायत. एकेक काढून बघते.

वहिनी_सिडको
बंड्या, मिसळ कधी?